विषय : माझा लेख ‘यंत्रलिखित’ ठरवल्याबद्दल तक्रार आणि फेरतपासणीची मागणी

प्रति,
तक्रार निवारण विभाग,
एआय-लेखन तपासणी सेवा

महोदय/महोदया,

वाढत्या वयातल्या बहिरेपणावर मी लिहिलेला दीर्घ लेख एका मासिकाने स्वीकारला होता. छपाईच्या आधी संपादकांनी तो तुमच्या सेवेत तपासला. ‘८७ टक्के एआयनिर्मित’ असा अहवाल आला आणि लेख अंकातून काढला गेला. त्या लेखातला शब्द न् शब्द माझा आहे. अहवाल चुकीचा आहे, आणि तो माणसाने तपासून लेखी मागे घ्यावा, यासाठी हे पत्र.

तुमच्या अहवालात सर्वांत गडद रंगवलेला परिच्छेद एका वृद्ध बाईंच्या तोंडचा आहे. ‘सगळे हसले की मीही हसते. कशाला हसले ते नंतर कुणी सांगत नाही.’ ही वाक्यं मी त्यांच्यासमोर बसून ध्वनिमुद्रित केली आणि जशीच्या तशी उतरवली. त्यांचा आवाज माझ्याकडे आहे. एका हाडामांसाच्या बाईचं बोलणं तुमच्या यंत्रणेने यंत्राचं ठरवलं. बाकी काही वाचायला वेळ नसेल, तर तुमच्या तपासनिसाने निदान एवढा परिच्छेद ऐकावा.

उरलेल्या लेखातली वाक्यं लहान आणि साधी आहेत, कारण मी ती तशी केली आहेत. आरोग्यविषयक माहितीपत्रकं लिहिण्यात माझी अनेक वर्षं गेली. घाबरलेल्या, थकलेल्या माणसाला एका वाचनात समजलं पाहिजे, ही सवय तिथे लागली. पुढचा शब्द किती अपेक्षित आहे आणि वाक्यांची लांबी किती कमी-जास्त होते, यावर अशा तपासण्या बऱ्याच अंशी चालतात हे मला माहीत आहे. मग स्वच्छ, समतोल लिहिणारा माणूस संशयित ठरणारच. तुमच्या आकड्यासाठी मी माझी वाक्यं मुद्दाम वाकडी करणार नाही.

शिवाय लेख मराठीत आहे. बहुतेक भाषा-प्रारूपांच्या प्रशिक्षणात इंग्रजी मजकूर प्रचंड आणि मराठी अगदी थोडा असतो. देवनागरी शब्दांचे अनेक प्रारूपांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात. अशा मोजपट्टीने काढलेल्या ‘८७’चा अर्थ काय, हे तुमच्या अहवालात कुठेही नाही. मराठीसाठी तुम्ही वेगळी चाचणी घेतली आहे का? घेतली असेल तर माणसांनी लिहिलेल्या किती मजकुरांवर चुकीचा शिक्का बसला, तो आकडा द्या. घेतली नसेल तर मराठी मजकुरावर टक्केवारी छापणं थांबवा.

ही शंका माझ्या एकटीची नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३मध्ये आणलेला, यंत्रलिखित मजकूर ओळखणारा स्वतःचा शोधक अचूकता कमी असल्याचं सांगून त्याच वर्षी जुलैत मागे घेतला. माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरांवर तो चुकीचा शिक्का मारतो, हे त्यांनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये सात शोधकांवर टोफेल परीक्षेचे ९१ निबंध तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ते निबंध सरासरी निम्म्याहून अधिक वेळा यंत्राचे ठरले. तुमच्या क्षेत्रात हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही अहवालात ठळक टक्केवारी वर आणि ‘हा अंतिम पुरावा नव्हे’ ही ओळ तळाशी, बारीक अक्षरात. संपादकांनी वरचं वाचलं. त्यांना मी दोष देत नाही. तुमची मांडणीच तसं वाचायला लावते.

मला मानधन बुडाल्याचं दुःख आहे, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. संपादकांनी अतिशय सभ्य भाषेत ‘सध्या थांबू या’ असं कळवलं. संशय कुणी तोंडावर बोलून दाखवत नाही, त्यामुळे खोडून काढायलाही कुणी समोर नसतं. लेखकाकडे विकायला विश्वासाखेरीज फारसं काही नसतं.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. मराठी उत्तम जाणणाऱ्या व्यक्तीने लेख आणि सोबतचे पुरावे तपासावेत. तपासणी कोणत्या आवृत्तीने केली आणि वाक्यावाक्याला किती गुण दिले, ते मला मिळावं. निष्कर्ष चुकीचा ठरल्यास तसं पत्र थेट संपादकांना जावं आणि त्याची प्रत मला यावी. नुसता अहवाल पुसून टाकणं पुरेसं नाही. माझा अप्रकाशित लेख तुमच्याकडे साठवला आहे का, प्रशिक्षणासाठी वापरला आहे का, हेही कळवावं. साठवला असल्यास फेरतपासणीनंतर तो काढून टाकावा.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत जबाबदार व्यक्तीच्या सहीचं उत्तर अपेक्षित आहे. ठरावीक साच्यातला स्वयंचलित ईमेल मी उत्तर मानणार नाही. मुदतीत उत्तर न आल्यास हे पत्र आणि सर्व पुरावे मी संपादकांना व लेखक संघटनांना पाठवीन आणि कायदेशीर सल्ला घेईन.

आपली,
तक्रारदार लेखिका

सोबत : हस्तलिखित टिपणांची छायाचित्रं, लेखाचे तारखेनिशी जतन झालेले सर्व खर्डे, मुलाखतीचं ध्वनिमुद्रण (संबंधित बाईंच्या संमतीने), तुमच्या अहवालाची प्रत.