ओघळलेला कान

२००६ सालचा जून. बारावीनंतर रिकामा होतो, म्हणून अण्णांनी मला मंगळवेढ्यात स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत नेऊन बसवलं. कॅमेरा हातात येईल असं वाटलं होतं, पण आला माऊस. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की दिवसभराच्या फोटोंचं बॅकग्राउंड काढायचं, एवढंच काम.

मी फोटोशॉपमधल्या मॅजिक वँडनं एका क्लिकमध्ये मोकळा व्हायचो. स्टुडिओवाले काका काही बोलायचे नाहीत. फोटो ३०० टक्क्यांवर नेऊन दाखवायचे आणि चहाला निघून जायचे. खांद्याला करवतीसारखे दाते पडलेले असायचे. मग पेन टूल घेऊन पहिल्यापासून. ठिपका, वळण, ठिपका. पूर्ण फेरी झाली की Ctrl+Enter, एका पिक्सेलचा फेदर, Ctrl+J. मधेच लाइट गेली आणि सेव्ह केलेलं नसलं की सगळं पाण्यात. असे दोन महिने गेले. मला त्या खुर्चीचा राग यायचा.

श्रावणात एक शेतकरी आला. आई वारली होती. तिचा एकच फोटो, तोही कुणाच्या तरी लग्नातला, पंधरा माणसांत उभी असलेली.

"तेराव्याला पाहिजे. एकटी आई काढून द्या."

त्या संध्याकाळी मी हनुवटीपासून सुरुवात केली. डावा कान आला. पाळी खाली लोंबलेली, मधे चिरल्यासारखी. स्कॅनिंगचा दोष असेल म्हणून मी रेघ सरळ ओढली आणि कान गोल करून टाकला. छान दिसत होता.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, मूळ फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला.

"कान ओघळलाय रे त्यांचा. जन्मभर जड कुड्या घातल्या असतील. तू कापायच्या आधी बघत नाहीस."

फोटो माझ्या हातात देऊन ते शटर अर्धं ओढायला गेले.

मी नुसता बघत बसलो. पदर उजव्या खांद्यावरून घेतलेला. कपाळावर गोंदण. कानामागून सुटलेली पांढरी बट, जी मी पहिल्याच फेरीत उडवली होती. दंडावर कुणा लहान पोराची चार बोटं. ती बोटं झाकायला लुगड्याच्या काठाचा तुकडा दुसरीकडून आणून जुळवावा लागला. काठाची वीण तिरकी होती, त्यातच दुसरी संध्याकाळ गेली. तिसऱ्या संध्याकाळी फक्त कान आणि बट. घड्याळाकडे बघायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

बाराव्या दिवशी तो फ्रेम न्यायला आला. टोपी काढली. बराच वेळ उभा होता, मग काचेवरून त्या कानाच्या पाळीला अंगठा लावला.

"लहानपणी मीच ओढायचो," म्हणाला, आणि फ्रेम पंच्यात गुंडाळायला लागला.