एप्रिल 2025 चा हिशोब: कोथरूड फ्लॅट, कर्वेनगर फ्लॅट, वारजे दुकान

काका नमस्कार,

या महिन्यात भाडं जमा झालं 56,500. कोथरूडचे 26,000 आणि दुकानाचे 22,000 वेळेवर आले, कर्वेनगरचे मात्र 8,500च कारण तिथलं कुटुंब 15 तारखेला फ्लॅट सोडून गेलं. खर्च 12,275: तिन्ही सोसायट्यांचा मेंटेनन्स 6,500, कोथरूडचा फ्लश टँक दुरुस्त केला 1,150, कर्वेनगरची साफसफाई 1,800 आणि माझे पाच टक्के 2,825. उरलेले 44,225 काल तुमच्या खात्यात टाकलेत, बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर आहेत.

डिपॉझिटचा हिशोब यात धरलेला नाही. 50,000 मधून महावितरणचं थकलेलं बिल 1,350 आणि फुटलेलं बेसिन बदलायचे 2,250 कापून 46,400 परत दिले, त्यांनी सही करून घेतले, काही वाद नाही.

आता मुख्य गोष्ट, कर्वेनगर. फ्लॅट रिकामा आहे, दोन कुटुंबं बघून गेली, 18,000 ला तयार होती पण बेडरूममध्ये शिरल्या शिरल्या ओलीचा वास येतो म्हणून दोघांनीही नाही म्हटलं. कपाट हलवल्यावर कळलं, पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली हातभर पट्टा काळा पडलाय, नखाने खरवडलं तर प्लास्टर भुगा होऊन खाली येतं. बाहेरून भिंतीला उभी चीर आहे, पाणी तिथूनच आत येतंय. दोन कोटेशन आलीत, 24,000 आणि 38,000. स्वस्तवाला फक्त आतून पुट्टी आणि रंग मारणार, म्हणजे जुलैत परत तेच. 38,000 वाला बाहेरून झूला लावून चीर भरणार, वॉटरप्रूफिंग करणार आणि मग आतलं प्लास्टर, तीन वर्षांची लेखी गॅरंटी देतोय. माझं स्पष्ट मत आहे की हेच करू, मे महिन्याचं भाडं गेलं तरी चालेल, पण ओल्या भिंतीवर रंग मारून कोणाला घर देऊ नये, लहान मुलं राहायला येतात हो तिथे. बाहेरची भिंत सोसायटीची जबाबदारी आहे म्हणून सेक्रेटरींना पत्र दिलंय, निदान बाहेरच्या कामाचा खर्च त्यांनी उचलावा यासाठी मी मागे लागलोय, पण त्यांच्या मीटिंगची वाट बघत बसलो तर पाऊस येईल.

कोथरूडची सोसायटी नॉन ऑक्युपन्सी चार्ज 600 लावतेय. 2001 च्या सरकारी आदेशाप्रमाणे सर्व्हिस चार्जच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही आणि आपला सर्व्हिस चार्ज 2,400 आहे, म्हणजे 240 च. जादा 360 पुढच्या बिलात वळते करा असं लेखी दिलंय.

दुकानाच्या शटरला ग्रीसिंग करायचंय, 700-800 होतील. महापालिकेचा प्रॉपर्टी टॅक्स 31 मे च्या आत भरू म्हणजे सूट मिळेल, बिलं आली की पाठवतो.

भिंतीच्या कामाला 10 तारखेपर्यंत हो कळवा, 19,000 ॲडव्हान्स द्यावा लागेल, मजूर 12 पासून मोकळे आहेत. काकूंना नमस्कार सांगा.