तिच्या हाइटबद्दल तू एक शब्द नाही लिहिला

राजा, तुझा मेसेज रात्री दीड वाजता आला होता, मी सकाळी पाह्यला, मग काटोल रोडवर एक प्री-वेडिंग शूट होतं, तिथून आल्यावर पुन्हा दोनदा वाचला. उशीर झाला उत्तराला, पण घाईत दोन ओळी टाकायच्या नव्हत्या मला. रीलमधल्या हिरोंपुढे स्वतःचा चेहरा नकोसा झाला, म्हणून मेट्रोतल्या त्या पोरीला मनातलं विचारायची हिंमत होत नाही, इतकं सगळं तू कोणाला पहिल्यांदाच सांगून राहिला असं दिसते, आणि ते मला सांगितलं, हे मी विसरणार नाही.

आधी ती एक ओळ. "कधीकधी वाटते आपण नसतोच तर बरं" असं तू मधातच लिहून पुढे गेला. मी नाही जात पुढे. सरळ विचारतो, जीव द्यायचा विचार येते का मनात? येत असेल तर आजच सांग, मला सांग नाहीतर भावाला सांग, रात्रीबेरात्री असेल तर 14416 ला फोन लाव. टेलिमानसचा नंबर आहे तो, सरकारी आहे, पैसे लागत नाही, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येते. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी पण आहे, एकट्यानं जायला कसंतरी वाटत असेल तर मी येतो सोबत, बाहेर बेंचवर बसतो. आणि विचार तितका पुढे गेला नसेल पण आरशासमोर रोज तास-तास जात असेल, फोटोच्या भीतीनं लोकांच्या लग्नाला जाणं बंद झालं असेल, तरी डॉक्टरला दाखव. हा पण एक त्रासच आहे आणि यावर इलाज होते.

आता हिरोंचं. तू लिहिलं की रील पाहून पाहून स्वतःचा चेहरा पाहावासा वाटत नाही, रंग काळा, हाइट पाच-पाच, केस चाललेले, आणि तिकडे ते बॉडीवाले, पन्नाशीचे झाले तरी केस जागेवर. मी मुंबईत तीन वर्षं लाइटच्या डिपार्टमेंटमध्ये होतो, तू जे पाहून राहिला ते बनतांना मी जवळून पाह्यलं म्हणून सांगतो. एका क्लोजअपसाठी आम्ही दीड-दोन तास लाइट लावायचो. समोरून मोठा सॉफ्ट लाइट, खालून पांढरा थर्माकोल धरायचा म्हणजे डोळ्याखालचा काळेपणा जाते, मागून एक लाइट म्हणजे केस दाट दिसते. त्याच्याआधी मेकअपची खुर्ची. हिरोइन उंच असली तर हिरोच्या पायाखाली लाकडी खोकं, फ्रेम कमरेच्या वरच असते, कोणाला समजते! शर्ट काढायचा सीन असला की काही जण दोन दिवस आधीपासून मीठ-पाणी कमी करते, शॉटच्या आधी तिथंच पुशअप मारून फुगवून घेते, आणि ती बॉडी त्या दिवसापुरतीच तशी दिसते, दुसऱ्या दिवशी जेवला की गेली. एवढं करून पुन्हा कॉम्प्युटरवर चेहऱ्याची साफसफाई होते, डाग, सुरकुत्या पुसते, मग रंग सेट करते. त्या माणसाची मेहनत खोटी नाही, मी मेहनत करणारे पाह्यले, पहाटे चारला उठणारे. पण पडद्यावर दिसते तो चेहरा पन्नास-साठ लोकांनी मिळून केलेला असते, आणि तू त्याच्यासमोर कोणाला उभं करून राहिला? रात्री एक वाजता, रूमच्या ट्यूबलाइटखाली, हात लांब करून फ्रंट कॅमेऱ्यानं काढलेला तुझा चेहरा. फ्रंट कॅमेरा इतक्या जवळून काढते की नाक आहे त्याच्यापेक्षा मोठं येते आणि कान मागे जाते. कोणाचंही येते. मी गिऱ्हाइकाचे पोर्ट्रेट दहा फुटावरून काढतो ते उगाच नाही.

हे पाणी तोडायचं वगैरे तू करू नको. तू लिहिलं की जिमवाल्या पोट्ट्यांनी सांगितलं म्हणून दोन दिवस केलं. नागपूरचा मे आहे भाऊ, 45 डिग्रीत लोकं नुसते रस्त्यानं चालतांना चक्कर येऊन पडते.

आणि ती क्रीम. ट्यूबचा फोटो पाठवला ते बरं केलं, मी झूम करून मागचं वाचलं, तिच्यात स्टेरॉइड आहे. मला माहीत आहे कारण बाविसाव्या वर्षी मी पण हेच लावलं होतं. मुंबईत रूममेटनं दिली, महिनाभर चेहरा खरंच उजळला, मी खूश, मग लावणं बंद केलं की लालभडक, पुरळ, उन्हात निघालो की आग आग. सात-आठ महिने गेले चेहरा जागेवर यायला. स्किनच्या डॉक्टरनं सांगितलं, स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, ते औषध काही ठराविक रोगावर मोजून द्यायचं असते, गोरं व्हायला नाही. तू दोन महिन्यांपासून लावून राहिला, तर एकदम फेकू पण नको, आधी स्किनवाल्याला दाखव, तो हळूहळू बंद करायला सांगेल.

मला खरं बोलायचं ते पुढे आहे.

तुझ्या मेसेजमध्ये हिरो आले तिसऱ्या पॅराग्राफमध्ये. पहिल्यात तुझी आत्या आहे. सहावीत असतांना सगळ्यांसमोर ती म्हणाली, "याला कोण पोरगी देईल", आणि सगळे हसले, तू पण हसला. ते वाक्य आत्याचं आहे राजा. त्याला चेहरे सिनेमानं पुरवले, पण वाक्य तिचंच. तेव्हा तू अकरा वर्षांचा होता आणि उलटून बोलू शकला नाही, आज चोवीसचा आहे आणि रोज रात्री तेच वाक्य स्वतःच स्वतःला ऐकवून राहिला. फरक इतकाच की आता तिच्या जागी स्क्रीनवरचा कोणी गोरा माणूस उभा आहे.

लोकं तुला सांगतील, अरे ओम पुरींच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, नवाजुद्दीन पाह्य किती वर्षं छोट्या छोट्या रोलमध्ये घासला. खरं आहे, पण मी ते नाही सांगत. कारण तेव्हा पण माप सिनेमाचंच राहते, म्हणजे आधी तू कोणीतरी मोठा हो, मग तुझा चेहरा माफ! तुला कोणाकडून माफी घ्यायची आहे का?

चौदा वर्षं झाली मला लग्नं शूट करून. अल्बमसाठी फोटो निवडायला नवरा-नवरी स्टुडिओत येते तेव्हा एक गोष्ट मी दर वेळी पाहतो. स्वतःचा फोटो निवडतांना माणूस चेहरा पाहते, यात गाल मोठे आले, यात मी काळी दिसून राहिली, हा नको. पण दुसऱ्याचा निवडतांना? मी जे रिजेक्टमध्ये टाकले असते न, डोळे अर्धे मिटलेले, तोंड वासून हसतांना, फेटा वाकडा झालेला, त्यातलाच काढते आणि म्हणते, "हा घ्या, यात तो त्याच्यासारखा दिसते." मागच्या डिसेंबरमध्ये एक नवरदेव होता, फेटा काढला तर टक्कल दिसते म्हणून दिवसभर मला बजावत होता की फेट्याशिवाय एक पण घेऊ नको. संध्याकाळी पंगतीत गरमीनं त्यानं फेटा काढला आणि लहान पुतणीला भरवत बसला, मी सवयीनं क्लिक केलं. नवरीनं मोठ्या फ्रेमसाठी तोच घेतला. तो लाजला, नको नको म्हणाला, ती म्हणाली, मला हाच पाह्यजे. त्याला टक्कल नाही असं ती एकदा पण बोलली नाही. आहेच टक्कल.

तुझ्या भावाच्या लग्नातले फोटो आहेत माझ्याकडे, हजाराच्या वर. तू फक्त चारमध्ये आहे, तीनमध्ये पाठमोरा. चौथ्यात तू आजीला पायऱ्यांवरून उतरवून राहिला, एका हातात तिची काठी, दुसऱ्या हातात तिच्या चपला, आणि ती काहीतरी बोलली म्हणून तू मान मागे टाकून हसून राहिला. तुझ्या आईनं तो मागून नेला होता. आई आहे, ती नेणारच, म्हणशील तू. हव, खरं आहे. म्हणून आईचं नाही, तुझंच सांगतो.

त्या पोरीबद्दल तू किती लिहिलं पाह्य. जयप्रकाश नगरला मेट्रोत चढते, खापरीपर्यंत तुझ्यासाठी सीटवर बॅग ठेवते. डब्यात पाटवडीचा रस्सा आणला की पहिली वाटी सिक्युरिटीवाल्या काकांना देते. कुत्र्याला लाथ मारली म्हणून ऑटोवाल्याशी भांडली. फोनवर आईशी बोलतांना आवाज बदलते. इतकं लिहिलं, पण ती गोरी का सावळी, उंच का बुटकी, जाड का बारीक, एक शब्द नाही. ती कोणत्या हिरोइनसारखी दिसते हे पण नाही. मी मुद्दाम पुन्हा वाचून पाह्यलं. कारण तू तिला तसं पाहतच नाही. मग ती तुला टेप लावून पाहत असेल हे तू कशावरून ठरवलं? तिला इतकी चांगली म्हणतो आणि तिची नजर मात्र आत्यासारखी समजतो, हे तिच्यावर पण अन्याय आहे.

ती हो म्हणेल असं मी म्हणून नाही राहिलो. मला माहीत नाही, तुला पण नाही. तिच्या मनात दुसरं कोणी असेल, किंवा तू चांगला मित्र आहे आणि तेवढंच असेल, किंवा तिला आत्ता हे सगळं नकोच असेल. नाही म्हणाली तर दुखेल, बरेच दिवस दुखेल, मला दुखलं होतं. पण तिच्या नाहीला आत्याच्या वाक्यासोबत शिवू नको, आणि पुन्हा पुन्हा विचारून तिला त्रास देऊ नको. सध्या विचारायची घाई पण नको करू. आधी एवढं कर, ती बोलते तेव्हा आपले केस कसे दिसून राहिले याचा हिशोब सोडून तिचं ऐक. तूच लिहिलं की मेट्रोत ती काय म्हणाली हे तुला अर्धं आठवत नाही कारण तू खिडकीच्या काचेत स्वतःला पाहत होता. तितक्या वेळ तू तिथं नव्हताच, आणि ती मात्र सीट धरून बसली होती.

जिम सोडू नको, अंगाला बरं असते, झोप पण लागते. ते रीलवाले पेज मात्र काढून टाक, निदान महिनाभर, आणि रात्री फोन रूमच्या दुसऱ्या कोपऱ्यात चार्जिंगला लाव.

तो चपलांवाला फोटो मी आत्ता पाठवतो, एडिट न करता. लगेच पाह्यला नाही तरी चालेल.

रविवारी सकाळी साडेसातला मी कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे खायला असतो. ये. कॅमेरा नाही आणणार. आणि वर जे विचारलं जीव द्यायच्या विचाराबद्दल, त्याचं उत्तर रविवारपर्यंत ठेवू नको, आज रात्रीच पाठव, एका शब्दात पाठवलं तरी चालते, मी जागाच आहे.