हवदाला: शनिवारी रात्री ठाण्याच्या घरी म्हणायची

पप्पा लोदला गेलेत तर या शनिवारी राहुल म्हणणार, सगळ्यांनी हाच कागद धरा. आकाशात तीन तारे दिसल्याशिवाय काडी पेटवायची नाही, पावणेसातला जमा. मारिव म्हटली नसेल त्यांनी, काडी लावायच्या आधी, "बारूख हामावदील बेन कोदेश लेखोल" एवढं म्हणून घ्या.

टेबलावर: बशीत ग्लास, मनुक्यांचं सरबत काठोकाठ, थोडं बशीत सांडू दे, तेच हवं. वाटीत लवंग, दालचिनी, वेलची ठेचून. वेणीची मेणबत्ती सर्वात धाकट्याच्या हातात, ती नाहीच मिळाली तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकत्र धरा, चालतं. मोठे दिवे बंद.

राहुल, ग्लास उजव्या हातात घेऊन:
कोस येशुओत एस्सा, उव्शेम अदोनाय एक्रा. आना अदोनाय होशिआ ना. आना अदोनाय हत्सलीखा ना.
(तारणाचा प्याला उचलीन, परमेश्वराचं नाव घेईन. देवा, तार. देवा, यश दे.)

साव्री मारानान! सगळे: लेखाईम!
बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, बोरे पेरी हागेफेन.
(धन्य तू, परमेश्वरा, आमच्या देवा, विश्वाच्या राजा, द्राक्षवेलीचं फळ निर्माण करणारा.) सगळे: आमेन. प्यायचं नाही अजून!

ग्लास डाव्या हातात, वाटी उजव्या हातात:
बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, बोरे मिने बेसामीम.
(... नाना सुगंध निर्माण करणारा.) आमेन. आधी राहुलने हुंगायचं मग वाटी फिरवा, शब्बाथ सुटताना जीव जरा हिरमुसतो ना, त्याला ताजं करायला हा वास, म्हणून घाई नको, आजींना नीट हुंगू द्या.

मेणबत्तीकडे बघून:
बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, बोरे मेओरे हाएश.
(... अग्नीचे प्रकाश निर्माण करणारा.) आमेन. बोटं दुमडून ज्योतीपुढे धरा, नखांवर उजेड आणि तळव्यावर सावली दिसली पाहिजे.

ग्लास परत उजव्या हातात:
बारूख अता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, हामावदील बेन कोदेश लेखोल, उवेन ओर लेखोशेख, उवेन यिस्राएल लाअम्मीम, उवेन योम हाश्वीई लेशेशेत येमे हामाआसे. बारूख अता अदोनाय, हामावदील बेन कोदेश लेखोल.
(... पवित्र आणि साधं, उजेड आणि अंधार, इस्राएल आणि इतर लोक, सातवा दिवस आणि कामाचे सहा दिवस यांत भेद करणारा. धन्य तू, परमेश्वरा, पवित्र आणि साध्यात भेद करणारा.) आमेन.

आता बसून राहुलने अर्ध्याहून जास्त प्यावं, मग मेणबत्ती बशीतल्या सरबतात विझवायची, चर्र आवाज येतोच, पोरांनो ढकलाढकली नको. दिवे लावा, एकमेकांना शावुआ तोव म्हणा, एलियाहू हन्नाबीचं गाणं सुरू, आणि लोदला व्हिडिओ कॉल मात्र उशिरा लावा, तिथे तेव्हा शब्बाथ सुटायचा असतो, हिवाळ्यात साडेतीन आणि उन्हाळ्यात अडीच तासांचा फरक आहे.