फळ्यावरचा डबा आणि त्याच्या मिशा : आपल्या सोयाबीनच्या उताऱ्याचं चित्र कसं वाचायचं

(शेतकरी गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी. नंतर हाच कागद फळ्याशेजारी लावून ठेवू.)

मंडळी, मागच्या बैठकीत मी फळ्यावर एकच आकडा लिहिला होता : सपाट पेरणी, सरासरी एकरी ६ क्विंटल. त्यावर पाऊण तास वाद झाला. मागून एक काका म्हणाले, "सहा कुणाला झालं बाबा? आमच्या आळीत तर चार-साडेचारच्या वर काटाच गेला नाही." काकांचं बरोबर होतं आणि माझा आकडाही खोटा नव्हता. चूक एवढीच की २३ जणांचा हिशोब मी एका आकड्यात कोंबला. म्हणून या वेळी चित्र काढलंय. याला बॉक्स प्लॉट म्हणतात. जॉन टुकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात ते रूढ केलं. आपण त्याला डबा म्हणू.

वरचा डबा सपाट पेरणीचा, खालचा बीबीएफचा, म्हणजे यंत्रानं रुंद वाफे आणि सऱ्या पाडून केलेल्या पेरणीचा. खालची पट्टी एकरी क्विंटलची आहे. डावीकडं कमी उतारा, उजवीकडं जास्त.

```
सपाट पेरणी (२३ जण)
  |-----[=====|=====]-------|                   ●
  क     ख     ग     घ       च                   छ

बीबीएफ (१५ जण)
        ●   |-----[=|===]-----|

२       ४       ६       ८       १०      १२      १४
```

आधी वरचा डबा घ्या. असं समजा की सपाट पेरणीच्या २३ जणांना मारुतीच्या पारासमोर एका ओळीत उभं केलं. सगळ्यात कमी उतारा डाव्या टोकाला, सगळ्यात जास्त उजव्या टोकाला. मानपान नाही, वय नाही, फक्त उतारा.

ग, डब्यातली उभी रेघ : ओळीत बरोबर मधे उभा असलेला माणूस, म्हणजे बारावा. त्याच्या डावीकडं ११ जण, उजवीकडं ११. त्याला एकरी साडेपाच क्विंटल झालं. याला मध्यक म्हणतात. "आपल्या गावात साधारण माणसाला किती झालं?" असं कुणी विचारलं तर उत्तर ही रेघ आहे.

ख आणि घ, डब्याच्या दोन भिंती : ओळीतला सहावा माणूस ४ क्विंटलवर, अठरावा ७ क्विंटलवर. मधली सगळी गर्दी या दोन भिंतींच्या आत आहे. काकांची आळी डाव्या भिंतीपाशी सापडते, बघा.

क आणि च, मिशा : डब्याच्या दोन्ही बाजूंना निघालेल्या रेघा. डावी मिशी अडीच क्विंटलपर्यंत जाते, उजवी नऊपर्यंत. मिशीचं टोक म्हणजे खराखुरा शेतकरी, अंदाज नव्हे.

छ, एकटा ठिपका : १४ क्विंटल. हा मिशीत का नाही, हे तिघांनी विचारलं. नियम असा : डब्याची रुंदी ४ ते ७, म्हणजे ३. तिची दीडपट साडेचार. उजव्या भिंतीपासून साडेचार पुढं गेलं की साडेअकरा येतात. त्याच्या पलीकडं कुणी असेल तर त्याला मिशीत न घेता वेगळा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे चूक नव्हे आणि शाबासकीही नव्हे. "इथं जाऊन विचारा" एवढंच तो सांगतो. मी विचारलं. नदीकाठची काळी जमीन, आणि पावसानं ताण दिला तेव्हा तुषारचं पाणी दोनदा दिलेलं. काटापावती बघितली, आकडा खरा आहे.

याच एका ठिपक्यानं सरासरी ओढून नेली होती. तो बाजूला ठेवला तर सरासरी ६ वरून ५.६ वर येते. मधली रेघ मात्र साडेपाचवरच राहते, हलत नाही.

दुसऱ्या एका ठिपक्याची गंमत सांगायलाच पाहिजे. पहिल्या कच्च्या चित्रात बीबीएफच्या डब्यापुढं १३ वर एक ठिपका होता. घरी जाऊन चौकशी केली तर वहिनी म्हणाल्या, "अहो, तेरा कट्टे झाले, क्विंटल नव्हं." कट्टा ५० किलोचा, म्हणजे साडेसहा क्विंटल. आकडा दुरुस्त केला, ठिपका गेला. नुसती सरासरी काढली असती तर ही चूक कुणाच्या लक्षात आली नसती.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती गोष्ट. डबा मोठा म्हणजे माणसं जास्त, असं नाही. डबा लांब असेल तर माणसं विखुरलेली, आखूड असेल तर दाटीनं उभी. बीबीएफचा डबा बघा : साडेसहा ते आठ, म्हणजे सपाटच्या निम्मा. तिथं मधली रेघ ७ वर आहे आणि ती डाव्या भिंतीला चिकटल्यासारखी दिसते. म्हणून डाव्या छोट्या कप्प्यात कमी शेतकरी आहेत, असं समजू नका. चौथ्यापासून आठव्यापर्यंतचे साडेसहा ते सातमध्ये खांद्याला खांदा लावून आहेत. आठव्यापासून बाराव्यापर्यंत तेवढेच जण सात ते आठमध्ये जरा ऐसपैस उभे आहेत. माणसं सारखी, जागा वेगळी.

खालच्या चित्रातला डावा ठिपका ४ क्विंटलचा आहे. नाल्याकडंचं शेत, बांध फुटून पाणी साचलं होतं. पण वर नजर टाका : सपाट पेरणीत हेच ४ क्विंटल डब्याच्या भिंतीवर आहे, कुणाला त्याचं नवल वाटत नाही. तोच आकडा एका ओळीत नेहमीचा, दुसऱ्या ओळीत वेगळा पडलेला.

मग दोन डबे एकाखाली एक ठेवून काय दिसतं? बीबीएफवाल्यांची मधली रेघ ७ वर, सपाटवाल्यांची साडेपाचवर. ७ किंवा त्याहून जास्त उतारा बीबीएफच्या १५ पैकी १० जणांना मिळाला, सपाटच्या २३ पैकी ७ जणांना. पण डबे एकमेकांवर थोडे चढलेत. म्हणजे सपाट पेरूनही कुणी बीबीएफवाल्याच्या पुढं गेलंय, आणि ते इथं समोरच बसलेत.

एक गोष्ट मी स्वतःहून सांगतो, नाहीतर उद्या कुणी माझ्या नावावर सगळ्यांना यंत्र भाड्यानं घ्यायला लावेल. हे चित्र फरक दाखवतं, फरकाचं कारण दाखवत नाही. बीबीएफनं पेरणाऱ्यांत काळ्या जमिनीचे किती, मुरमाड माळावरचे किती, हे आपण वहीत लिहिलंच नाही. पेरणीची तारीखही अर्ध्या जणांची नाही. सरीमुळं जादा पाणी निघून गेलं आणि ओलही टिकली, असं बरेच जण सांगतात, ते पटण्यासारखं आहे. तरी या डब्यातून ते सिद्ध होत नाही. शिवाय एकच हंगाम, आणि तिकडं माणसं १५ च.

म्हणून येत्या खरिपाच्या वहीत तीन रकाने वाढवलेत : जमीन कशी, पेरणी कधी, पाणी किती वेळा. उताऱ्याच्या रकान्यात कट्टे, पोती लिहू नका. आडतीवरची काटापावती आणा, किलो मी उतरवून घेतो.