पाटी आता तुझ्या दाराला

कराड, रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. तन्वी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज इथे रात्री पावणेतीनला आला, म्हणजे तिकडे सव्वादहा. साठी उलटल्यावर रात्री दोनदा उठावंच लागतं, म्हणून लगेच वाचला. "मामा, परत यावंसं वाटतंय. आईला सांगू नको." मग पाच मिनिटांनी हसरा चेहरा, जणू गंमत केली. आणि मग तीन व्हॉइस मेसेज, त्यातल्या दुसऱ्यात तू नुसतीच नाक ओढतेस.

फोन केला नाही, कारण माझा घसा लगेच भरून येतो आणि मग तूच मला समजावत बसली असतीस. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर मोठं करून बघ.

आईला मी काही बोललो नाही. पण तिला माहीत आहे, बाळा. रोज उठल्याबरोबर ती फोनमध्ये स्टुटगार्टचं हवामान बघते आणि तुझ्या बाबाला सांगते, "आज चार डिग्री आहे." तो म्हणतो, "बरं." कणीक अजून चौघांचीच भिजवते. गेले दोन महिने तुझा बाबा सकाळी फोडणीची चपाती खातोय आणि एक शब्द बोलत नाही. जाताना तूप नेऊ दिलं नाही, युरोपात बाहेरून दूध-तूप चालत नाही म्हणून, ते तिच्या मनाला अजून लागून राहिलंय. तुपाचा तो डबा फडताळात तसाच आहे. कुणाला हात लावू देत नाही.

हे तुला रडवायला नाही सांगत. तू तिथे एकटीच हे सोसतेयस आणि इथे सगळं सुरळीत चाललंय, असं तुला वाटत असेल, म्हणून सांगितलं.

आता माझी एक गोष्ट ऐक. घरात कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या मामीलाही नाही.

१९९३ साली मी मस्कतला गेलो तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. रुवी भागात एका खोलीत आम्ही सहा जण. दोघं केरळचे, एक गोव्याचा, एक रत्नागिरीचा इब्राहिमभाई, एक आंध्रचा आणि मी. पहिले तीन आठवडे मी रोज रात्री बाथरूममध्ये जाऊन, नळ सोडून रडायचो. नळाच्या आवाजात कुणाला कळत नाही असा माझा समज. पाणी टँकरचं, टाकी सगळ्या बिल्डिंगची. एका रात्री इब्राहिमभाईनं दार वाजवलं आणि कोकणी हेलात म्हणाला, "भावोजी, रडा हो, पण नळ बंद करून रडा. सकाळी आंघोळीला काय करायचं?"

दार उघडून बाहेर आलो तर पाचही जण जागे. कुणी काही विचारलं नाही. केरळच्या एकानं चहा टाकला, तोही काळा, दूध संपलेलं. नंतर कळलं, त्या बाथरूममध्ये आळीपाळीनं सगळेच रडून गेलेले. फक्त नळ सोडायची अक्कल माझीच.

तर घरची आठवण येते म्हणून तू कच्ची आहेस, किंवा तुझा निर्णय चुकला, असं काही नाही. भूक लागते तशी ती लागते. संध्याकाळी जास्त लागते, सणाला जास्त लागते, आणि तुमच्याकडे आता पावणेपाचला अंधार पडायला लागल्यावर तर विचारूच नकोस. दिवाळी होऊन महिना झाला नाही, मागच्या महिन्याच्या शेवटी घड्याळंही तासभर मागे गेली, आपल्यातला फरक साडेतीनाचा साडेचार तासांचा झाला. तू ड्युटीवरून येतेस तेव्हा इथे सगळे झोपलेले. तुझा जीव त्या एका तासानंही तुटला असेल.

कामाबद्दल तू म्हणालीस, "चार वर्षं नर्सिंग शिकले आणि इथे मी म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, जेवण भरवते." तुझा त्रागा कळतो. आपल्याकडे ते नातेवाईक करतात नाहीतर आया, आणि नर्स म्हणजे इंजेक्शन, सलाइन, चार्ट. तिकडे अंग पुसण्यापासून सगळं नर्सचंच काम. आधी कुणीतरी नीट सांगायला हवं होतं, ही तक्रार माझीही आहे. पण आज्जी शेवटचे आठ महिने अंथरुणावर होती, तेव्हा तिची वेणी कोण घालायचं? तू बारावीला होतीस. क्लासला जायच्या आधी कोमट पाण्यानं तिचं तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, "आज्जी, आज कुठं दौरा?" ती हसायची. दुसऱ्या कुणाच्या हातून ती घासभर खायची नाही. जर्मन लोकांना अजून माहीत नाही की त्यांना काय मिळालंय. कळेल हळूहळू.

आणि भाषेचं म्हणशील तर, परीक्षेत पास झालीस तरी पेशंट काय बोलतात ते कळत नाही, यात तुझी काही चूक नाही. तू शिकलीस पुस्तकातली जर्मन आणि ते बोलतात श्वाबेनची. पुस्तकातली मराठी शिकून एखादा गोरा कराडच्या एसटी स्टँडवर उतरला आणि त्याला कुणी म्हणालं, "कुठनं आलायसा, बसा की वाईच," तर त्याचं काय होईल? त्यांच्या "बिस्सले"चा अर्थ थोडंसं असा तूच मला सांगितलास. आपलं "वाईच"च ते. अशी पाच-दहा "वाईच" गोळा झाली की त्या वॉर्डात तुला कुणी हलवू शकणार नाही.

पण खरं सांगू? तुझ्या तीन मेसेजमध्ये मला सगळ्यात आवडलं ते तिसऱ्यातलं, जे तू चिडून सांगितलंस. वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तुझ्या दाराला पाटी अडकवली, बेल वाजवली आणि जिन्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलल्या. मग कुणीतरी तुला सांगितलं की या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा नंबर तुझा. केरवोखे म्हणतात ना त्याला? तू म्हणालीस, "मामा, मी नवीन आहे, एकटी आहे, आणि यांना जिना पडलाय."

तन्वी, पाहुण्याला कुणी जिना पुसायला सांगतं का गं?

शेतावरची पाण्याची पाळी आठव. रात्री दोनला पाळी आली की आबा कंदील घेऊन निघायचे, शिव्या देत निघायचे, पण पाळी चुकवायचे नाहीत. ज्याचं रान नाही त्याला पाळी नाही. मस्कतच्या खोलीत भिंतीवर एक कागद होता, कुणी कधी काय रांधायचं त्याचा. महिनाभर माझं नाव त्यावर नव्हतं, सगळे म्हणायचे, राहू दे, नवा आहे. त्यांच्या त्या मायेनंच मला परकं वाटायचं. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, इब्राहिमभाईनं पेन्सिलनं लिहिलं: "मंगळवार, भात, पाटील." मंगळवारी भात खाली लागला. सहाही जणांनी करपलेला भात खाल्ला आणि मला भरपूर बोलून घेतलं. त्या रात्री मी नळ सोडला नाही. पुढे अठरा वर्षं राहिलो.

त्या आजीबाईंनी तुला भाडेकरूतून घरच्यांत घेतलंय, त्यांच्या पद्धतीनं. तोंड वाकडं करून घेतलंय, ते सोड, आपल्या वाड्यातल्या काकूही तशाच होत्या.

आता धीराचं बोलतो. परत यायचं असेल तर ये. मी गंमत करत नाही. दार उघडं आहे, तुझी खोली तशीच आहे (आईनं तिथे कांदे पसरलेत, पण ते उचलता येतील). कुणी नावं ठेवली तर मी बघून घेईन. दोन अटी फक्त. एक, हे रात्री ठरवायचं नाही, आणि नाइट ड्युटी करून आल्यावर तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी, पोटभर जेवून, उजेडात ठरवायचं. दोन, एक उन्हाळा बघून ठरवायचं. नोव्हेंबरात त्या गावाबद्दल मत करून घेणं म्हणजे मे महिन्यात कराड बघून कृष्णेला नावं ठेवण्यासारखं आहे.

तोवर रात्री फार वाईट वाटलं तर हे वाच. आज्जीच्या ओव्यांची नक्कल केलीय, अक्षरं मोजू नकोस:

दोन घरं माझ्या मैनेला, एक कृष्णेच्या काठाला,
दुसऱ्या घराचा गं जिना, आला तिच्या गं वाटेला.

फ्रिजवर लाव. जर्मन मैत्रिणीनं विचारलं तर म्हणावं, आमच्या मामाला वेड लागलंय.

जेवणाचं. रविवारी दुकानं बंद असतात हे विसरून कांद्याशिवाय राहिलीस म्हणालीस. शनिवारी भरून ठेवत जा, आणि अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनवरची दुकानं उघडी असतात. आणि एक गंमत कळली मला. त्या लोकांचं आवडतं जेवण म्हणे मसूर आणि शेवयांसारखं श्पेट्सले. मसूर! ज्या गावच्या हायवेला रात्री बारापर्यंत अख्खा मसूर खायला गाड्या थांबतात, त्या गावची तू. आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी अजून अर्धा डबा असेल. अख्खा मसूर कर, तिखट निम्मं घाल आणि वाटीभर वर नेऊन दे त्या आजीबाईंना. खाल्लं नाही तर नाही. वाटी परत द्यायला तरी येतीलच, आणि रिकामी वाटी परत करायची नसते हे तिकडेही कळत असावं.

तुला आठवतं, २०२४ मध्ये आपल्या सरकारनं त्यांच्या राज्याशी माणसं पाठवायचा करार केला, तेव्हा ते पेपरचं कात्रण तूच मला दाखवलं होतंस. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जोडशहरं आहेत, हेही तूच सांगितलंस, डोळे चमकत होते. ती मुलगी कुठे गेली नाहीये. थंडीनं जरा गारठलीय.

आईला उद्या फोन कर. बरं नाहीये असंच सांग, उगाच हसू नकोस. ती रडेल, तूही रडशील, मग ती विचारेल जेवलीस का, आणि तिथून पुढे सगळं नेहमीसारखं होईल.

शनिवारी जिना पुसून झाला की फोटो पाठव, तळमजल्यापर्यंतचा, कोपरे दिसले पाहिजेत. आणि पाटी पुढे कुणाच्या दाराला लावायची ते आजीबाईंना विचारून ठेव.

तुझा,
मामा