स्टेंटनंतरचा पहिला महिना : सकाळची पल्स

१२ जून, पल्स ७६
काल संध्याकाळी डिस्चार्ज मिळाला. हृदयाच्या पुढच्या मोठ्या नळीत म्हणजे एलएडीत एक स्टेंट बसलाय. डॉक्टर म्हणाले रोज सकाळची पल्स लिहून ठेवा, म्हणून ही वही. उजव्या मनगटातून नळी घातली होती, तिथे अजून काळंनिळं आहे, त्यामुळे डाव्या हातावर मोजतो. सिस्टरने दाखवलं तसं, अंगठ्याच्या मुळाशी मधली दोन बोटं हलकीच ठेवायची, अंगठ्याने मोजायचं नाही कारण अंगठ्याचा स्वतःचाच ठोका लागतो. पलंगावरच, चहा आणि गोळ्यांच्या आधी, सेकंद काटा १२ वर आला की सुरू करायचं ते पूर्ण मिनिटभर.

१३ जून, ७४
झोप बरी. खोलीतल्या खोलीत चाललो.

१५ जून, ८६
रात्री लाईट गेली, पंखा बंद, नौपाड्यात सगळीकडे अंधार आणि वरून पाऊस. दोन वाजल्यानंतर डोळा लागलाच नाही. आकडा बघून छातीत धस्स झालं, मग पाच मिनिटं शांत पडून परत मोजली तर ७८. झोप झाली नाही की पल्स वर जाते हे आता आकड्याच्या शेजारी लिहायला हवं, नुसता ८६ वाचून डॉक्टरला काय कळणार.

१८ जून, ६६
मेटोप्रोलॉल ५० लागू पडतेय. ही गोळी ठोके कमी करते, हृदयाला कमी मेहनत पडावी म्हणून, असं समजावून सांगितलं होतं. तरी ७६ वरून ६६ बघताना मन खातं. आई असती तर म्हणाली असती, अरे घड्याळाकडे काय बघतोस, जेवून घे.

२१ जून, ६४
आज सकाळी मोजताना मधेच एक ठोका चुकल्यासारखा वाटला, आणि पुढचा जोरात. पहिल्यांदा असं झालं तेव्हा घाम फुटला. बायको पलीकडून म्हणाली, "अहो काय झालं, चेहरा का उतरला?" तिला सांगितलं, दोघांनी मिळून परत मोजली, दुसऱ्यांदा सरळ आली. म्हणूनच १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, चुकलेला ठोका त्यात सापडत नाही. फोनवर डॉक्टरांना विचारलं. अधूनमधून एखादा असा असला आणि चक्कर, छातीत दुखणं वगैरे नसलं तर घाबरू नका, सारखं व्हायला लागलं तर लगेच या, आणि भेटीला ईसीजी काढूच म्हणाले.

२४ जून, ६२
बसल्या बसल्या दम लागल्यासारखं होतं, चालताना नाही, बसल्यावरच. टिकाग्रेलॉरचा परिणाम असू शकतो म्हणे. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हे मात्र डॉक्टरांनी तीनतीनदा बजावलंय, ती आणि ॲस्पिरिन बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. इथे चालढकल नको, डबीवर सकाळ संध्याकाळ असे कप्पे केलेत.

२८ जून, ५२
उठून बसलो तर डोळ्यांपुढे अंधारी, बीपी १००/६०. सकाळची मेटोप्रोलॉल घ्यायच्या आधीच फोन केला. आजपासून ५० ची २५ करा, एकदम बंद नको, आणि उठताना पाय खाली सोडून थोडं बसा, मग उभे राहा. ही वही समोर होती म्हणून मागच्या दोन आठवड्यांचे आकडे धडाधड सांगता आले, त्यांनी विचारायच्या आत. आज वहीचं सार्थक झालं असं वाटलं.

२ जुलै, ५९
अंधारी नाही. लिफ्ट बंद होती, एक जिना चढलो, वर जाऊन मोजली ८८, पाच मिनिटांत ६६. छातीत काही नाही. खिशात जिभेखालची गोळी होती, लागली नाही.

६ जुलै, ६१
आषाढी. इतकी वर्षं उपास धरला, यंदा नाही. बायकोने साबुदाण्याची खिचडी फक्त एक वाटी दिली, वर सरळ पोळीभाजी, कारण उपाशीपोटी ॲस्पिरिन घेतली की पोटात जळजळतं. मुलाने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला, बोलताबोलता छाती भरून आली, पण ती वेगळी. विठ्ठलाला घरूनच हात जोडले.

८ जुलै, ६०
दम लागणं कमी झालंय.

१२ जुलै, ६२
पहिली भेट झाली. ईसीजी चांगला, टूडी इकोमध्ये पंपिंग ५० टक्के. वही डॉक्टरांनी पानं उलटून वाचली, १५ आणि २८ जूनला पेनने गोल केला. २५ चीच गोळी चालू ठेवायची, पल्स ५० च्या खाली गेली आणि चक्कर आली तर फोन करायचा, रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या निदान वर्षभर. दाताचं काम काढलं तरी आधी विचारायचं. तलावपाळीला हळूहळू एक फेरी मारायला हरकत नाही म्हणाले. टिकाग्रेलॉरची पट्टी परवा संपते, ती आज संध्याकाळीच आणायची.